अकाली हृदयाघात : पन्नाशीच्या आतील पुरुषांचा प्रश्न

भारतीय उपखंडातील पुरुषाला हृदयविकार अकाली गाठतो, ही गोष्ट वैद्यकाच्या दफ्तरात काल-परवा दाखल झालेली नाही. सिंगापूरमध्ये १९५०च्या सुमारास झालेल्या हजारो शवविच्छेदनांची नोंद दनराज व त्यांचे सहकारी यांनी तपासली आणि १९५९ साली जी टिपणे प्रसिद्ध केली, त्यांत एकाच शहरात, एकाच हवेत राहणाऱ्या चिनी रहिवाशांच्या मानाने भारतीय रहिवाशांत हृद्‌रोहिण्यांचा विकार कितीतरी पटींनी अधिक असल्याचे दिसून आले होते. पुढे १९६७ साली डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी भारतीय रेल्वेच्या नोकरवर्गाचे मृत्यू तपासले. हयातीचा आणि मृत्यूचा हिशेब सरकारी कागदांत चोख राहतो असा एवढा मोठा समाज आपल्याकडे दुसरा क्वचितच सापडेल. दक्षिणेकडील नोकरांत हृदयविकाराने होणारे मृत्यू उत्तरेकडील नोकरांच्या सुमारे सात पट आहेत, असे त्यांना आढळले; आणि चमत्कार असा की, तुपालोण्याचा सढळ वापर होता तो उत्तरेत. त्यानंतर १९९१ साली पश्चिम लंडनच्या साऊथॉल भागातील दक्षिण आशियाई वस्तीचा अभ्यास करताना मॅकीग प्रभृतींनी या लोकांच्या कमरेचा वाढलेला घेर आणि इन्सुलिनला न जुमानणारे त्यांचे स्नायू यांकडे बोट दाखविले.

अशा निरीक्षणांची रास वाढत गेली, तसतशी एक समजूतही हळूहळू रूढ झाली. ती अशी की, आपल्या लोकांचे रक्तच निराळे, आपल्या रोहिण्याच अरुंद आणि आपले हृदयच मुळात कच्चे. सबब पाश्चात्त्यांनी शोधून काढलेली कारणे आपल्याला लागू पडत नाहीत. ही समजूत दिसते तेवढी निरुपद्रवी नाही. बेचाळीस वर्षांचा निरोगी दिसणारा गृहस्थ एकाएकी गेला म्हणजे घरचे लोक दैवाला दोष देतात, कचेरीतील लोक कामाच्या ताणाला देतात आणि वैद्यकीय क्षेत्रातील काही मंडळी 'आनुवंशिक प्रवृत्ती' असा भारदस्त शेरा मारून फाईल मिटवितात. त्याच्या सदऱ्याच्या खिशातील पुडी आणि सहा वर्षे कोणी न मोजलेला रक्तदाब यांची चौकशी या तिन्ही पक्षांपैकी कोणीच करीत नाही.

या समजुतीची नेमकी परीक्षा पाहणारे जे काम झाले, त्याचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध आहे. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत 'इंटरहार्ट' नावाचा एक प्रचंड अभ्यास होऊन त्याचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. पहिला हृदयाघात होऊन रुग्णालयात आलेली माणसे एका बाजूस आणि त्याच वयाची, त्याच लिंगाची, हृदयविकार नसलेली माणसे दुसऱ्या बाजूस, अशी तुलना त्यात होती. या सामग्रीतून भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका आणि नेपाळ या पाच देशांतील नोंदी वेगळ्या काढून त्या उर्वरित जगाशी ताडून पाहण्याचे काम नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. प्रशांत जोशी व त्यांचे सहकारी यांनी केले आणि ते २००७ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्यापुढे दक्षिण आशियातील १,७३२ रुग्ण आणि २,२०४ तुलनेचे लोक होते. पहिल्या हृदयाघाताचे सरासरी वय दक्षिण आशियात ५३ वर्षे, तर इतरत्र जवळजवळ ५९ वर्षे भरले. आणि चाळीस किंवा त्याहून कमी वयाच्या रुग्णांचे प्रमाण इतर देशांत शेकडा ४.४ असता आपल्याकडे ते ८.९, म्हणजे दुपटीहून किंचित जास्तच होते.

इथपर्यंत जुन्याच अनुभवाला आकड्यांचा दुजोरा मिळाला, एवढेच. परंतु जोशींनी पुढचा प्रश्न विचारला. तंबाखू, रक्तातील मेदवाहक प्रथिनांचे बिघडलेले प्रमाण, रक्तदाब, मधुमेह, कमरेचा घेर, मानसिक ताण, भाजी-फळांचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि मद्य हे नऊ घटक दक्षिण आशियाई माणसाला इतरांहून अधिक जोराने बाधतात काय? उत्तर जवळजवळ निरपवादपणे नकारार्थी आले. मद्याचा अपवाद सोडला (थोड्या मद्याने इतरत्र जो किंचित फायदा दिसला, तो आपल्या लोकांत दिसला नाही), तर प्रत्येक घटकाचा परिणाम आपल्याकडे जेवढा, तेवढाच साधारणपणे इतरत्रही होता. आणि हे घटक एकत्र घेतले असता दक्षिण आशियातील हृदयाघातांपैकी शेकडा ८६, तर इतरत्र शेकडा ८८ यांचा उलगडा होत होता. फरक होता तो घटक अंगाला चिकटण्याच्या वयात. साठीच्या आतल्या आपल्या लोकांत हे घटक इतर देशांतील समवयस्कांपेक्षा अधिक संख्येने आढळत होते आणि त्यांचा हिशेब वजा करताच तरुणपणीच्या हृदयाघाताच्या शक्यतेतील तफावत जवळजवळ नाहीशी होत होती. निराळे हृदय असल्याचा पुरावा हाती लागला नाही. जगभर चालणारीच कारणे इथे अधिक लवकर कामाला लागलेली आढळली. प्रस्तुत पुस्तकाचे सगळे विवेचन या एका निष्कर्षाच्या पायावर उभे आहे.

तथापि या अभ्यासाच्या मर्यादाही येथेच नमूद केलेल्या बऱ्या. ज्या देशात तरुणांची संख्याच मोठी, तेथे कोणत्याही रोगाच्या रुग्णांचे सरासरी वय थोडे खाली ओढले जाणारच. तेव्हा ५३ आणि ५९ यांमधील सगळे अंतर रोगाच्या खाती टाकणे रास्त होणार नाही. दुसरे असे की, रुग्णालयाच्या दारापर्यंत जिवंत पोहोचलेल्यांचीच गणती यात झाली, शेतात, एस. टी. स्थानकावर वा झोपेत गेलेला मनुष्य या नोंदवहीत नाही. मधुमेहाविषयी तर रुग्णाने स्वतः सांगितलेली माहिती ग्राह्य धरली होती; ज्याने रक्त कधी तपासलेच नाही तो साहजिकच बिगर-मधुमेही ठरला. या उणिवांमुळे मुख्य निष्कर्ष उलटत नाही, पण आकडे दगडावरची रेघ नव्हेत एवढे ध्यानात ठेवावे.

तरुण पुरुषाच्या बाबतीत या नऊ घटकांत अग्रपूजेचा मान, दुर्दैवाने, तंबाखूचा आहे. सिगारेट ओढणाऱ्याला हृदयाघाताची शक्यता न ओढणाऱ्याच्या सुमारे तिप्पट असते आणि हा गुणाकार म्हातारपणापेक्षा तरुणपणी अधिक मोठा असतो, हे इंटरहार्टच्याच सामग्रीवरून २००६ साली दाखविण्यात आले. आपल्या दृष्टीने त्यातील महत्त्वाची बाब अशी की, बिडी सिगारेटपेक्षा सौम्य असल्याचा जो लौकिक आहे तो खोटा ठरला. बिडी ओढणाऱ्यांतही ही शक्यता २.८९ पट निघाली. नुसती चघळण्याची तंबाखूही निर्दोष सुटली नाही, तिची पट २.२३, आणि ओढणे व चघळणे दोन्ही करणाऱ्याची चारांच्या वर. विदर्भात सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा खिशात बाळगणारा मनुष्य स्वतःला व्यसनी समजत नाही, आणि 'सिगारेट ओढता काय?' या प्रश्नाला तो प्रामाणिकपणे 'नाही' असे उत्तर देतो. धुराने रोहिणीचे आतले अस्तर दुखावते, रक्तातील बिंबिका चिकट होतात आणि गुठळी धरण्याची तयारी वाढते. चघळलेल्या तंबाखूत धूर नसला तरी निकोटिनामुळे नाडीची गती व रक्तदाब दिवसभर चढते राहतात. हा घटक सुटण्याजोगा असून त्याचे फळही तुलनेने लवकर मिळते : सोडल्यापासून तीन वर्षांच्या आत शक्यता तिपटीवरून दुपटीच्याही खाली आलेली दिसते.

दुसरा घटक मेदाचा, आणि येथे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. २००४ साली त्यांनी आपले लंडनचे स्नेही प्राध्यापक जॉन युडकिन यांच्यासह एक छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३, परंतु शरीरातील चरबी मोजली असता युडकिन यांची शेकडा ९.१ आणि याज्ञिकांची शेकडा २१.२ निघाली. काट्यावर सडपातळ आणि आतून मेदस्वी अशी ही आपली ठेवण कोठून आली, याचा शोध याज्ञिकांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून सुरू केलेल्या माता-पोषण अभ्यासात घेतला. तेथील नवजात बालकाचे वजन सरासरी २.७ किलोग्रॅमच्या आसपास, इंग्लंडमधील बालकाचे साडेतीन. पण वजनातील ही तूट स्नायूंत आणि पोटातील इंद्रियांत अधिक दिसली, पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र बरीचशी शाबूत होती. ज्या गर्भाची वाढ टंचाईच्या अंदाजाने झाली, त्याच्यावर पुढे तालुक्याच्या गावी बैठ्या नोकरीत साखर, मैदा आणि तळणाची सुबत्ता येऊन आदळली, म्हणजे ती चरबी कातडीखाली न मावता यकृतात आणि पोटाच्या पोकळीत साठू लागते. मग इन्सुलिनचा हुकूम स्नायू मानीत नाहीत, यकृत ट्रायग्लिसराइड अधिक बनविते, एचडीएल उतरते, आणि एलडीएलचे कण आकाराने लहान व संख्येने पुष्कळ होतात. कोलेस्टेरॉलची एकूण बेरीज मात्र फारशी हलत नाही, आणि हीच फसगत आहे. यामुळेच आपल्या पुरुषांसाठी कमरेची मर्यादा ९० सेंटिमीटर ठरविली गेली आणि वजनवाढीचा इशारा २५ ऐवजी २३ या आकड्यावर आणला गेला.

हे सारे एका माणसात कसे जुळून येते ते पाहण्यासाठी एक उदाहरण घेऊ. मनुष्य कल्पित आहे, पण प्रत्येक मोठ्या रुग्णालयाच्या हृदयरोग विभागात तो दर आठवड्याला भेटतो. वय ४१, तहसील कचेरीत अव्वल कारकून, उंची १७० सेंटिमीटर, वजन ६६ किलो, म्हणजे इंडेक्स २२.८, लठ्ठ म्हणण्याची सोय नाही. कंबर मात्र ९४. वडील ५२व्या वर्षी हृदयविकाराने गेले. दिवसाकाठी चार-पाच खर्रे आणि चहाबरोबर कधीमधी सिगारेट. दोन वर्षांपूर्वी एका शिबिरात रक्तदाब १४६/९४ निघाला होता, तो 'धावपळीमुळे' म्हणून सोडून दिला. त्याच शिबिरातील रक्ताच्या अहवालात एकूण कोलेस्टेरॉल १८८, त्यापुढे 'सामान्य' असा शेरा. म्हणून गृहस्थाने कागद घडी करून कपाटात ठेवला. परंतु त्याच कागदावर खाली एचडीएल ३२ आणि ट्रायग्लिसराइड २३० असे दोन आकडे होते. १८८ मधून ३२ वजा केले म्हणजे १५६ उरतात. रोहिणीच्या भिंतीत शिरू शकणाऱ्या सर्व कणांतील कोलेस्टेरॉलची ही बेरीज, आणि अशा माणसाची ती १३०च्या खाली असावयास हवी. उपाशीपोटीची साखर १३२. हा मधुमेहच होता, पण एकाच तपासणीवर निदान करता येत नाही, सबब पुन्हा तपासण्यास सांगितले गेले आणि ते राहून गेले.

यांतली एकेक बाब सुटी पाहिली तर कोणीही घाबरून जावे अशी नाही. गोम आहे ती या बाबी एकमेकींशी कशा वागतात यात. इंटरहार्टमध्ये धूम्रपानाची पट २.८७, मधुमेहाची २.३७ आणि उच्च रक्तदाबाची १.९१ आली. यांची बेरीज नव्हे, गुणाकार करावा लागतो, आणि तो तेरा भरतो. तिन्ही घटक एकत्र असलेल्या लोकांत प्रत्यक्ष मोजलेली पटही तेराच निघाली. त्यात मेदवाहक प्रथिनांचा बिघाड वाढवला की ती चाळिसांच्या पुढे जाते. 'माझा दाब थोडासाच, साखर थोडीशीच' असे म्हणणारा गृहस्थ मनातल्या मनात बेरीज करीत असतो.

तरुणाचा हृदयाघात पूर्वसूचना का देत नाही, याचेही उत्तर येथेच द्यावयास हवे. लोकांची कल्पना अशी की, रोहिणी हळूहळू बुजत जाते, मग जिना चढताना छातीत दुखू लागते आणि शेवटी ती पूर्ण बंद पडते. म्हाताऱ्या माणसात पुष्कळदा असेच घडते. परंतु चाळिशीतल्या रुग्णाच्या रोहिणीत सापडतो तो पुष्कळ वेळा निम्मीही वाट न अडविणारा, मऊ मेदाने भरलेला आणि वरचे आवरण अतिशय पातळ असलेला एखादाच फुगवटा. पिकलेल्या गळवासारखे ते आवरण एखाद्या रात्री फाटते, किंवा धूम्रपान करणाऱ्यांत बरेचदा नुसते वरचे अस्तर खरवडले जाते. आतील द्रव्य रक्ताला लागताच गुठळी धरते, आणि संध्याकाळपर्यंत मोकळी असलेली रोहिणी काही मिनिटांत बंद होते. म्हणूनच महिन्यापूर्वी ट्रेडमिलवर निर्विघ्न धावलेला मनुष्य आज दगावतो आणि लोक त्या तपासणीला लबाड ठरवितात. वस्तुतः ती तपासणी वाट किती अडली आहे एवढेच सांगते. आवरण किती पातळ आहे हे तिला विचारलेलेच नसते. शिवाय वर्षानुवर्षे अरुंद होत गेलेल्या रोहिणीभोवती शरीर लहानमोठ्या आडवाटा तयार करून ठेवते. तरुणाला त्यासाठी वेळच मिळालेला नसतो, म्हणून त्याच्या हृदयाचा मोठा भाग एका झटक्यात उपाशी पडतो.

आमच्या कारकुनाला रात्री अकराच्या सुमारास छातीच्या मध्यभागी जळजळ सुरू झाली आणि घाम सुटला. जेवण उशिरा झाले होते, म्हणून पित्त समजून त्याने खाण्याचा सोडा घेतला. बाराच्या सुमारास एका दवाखान्यात कार्डिओग्राम काढला. तो बराचसा ठीक दिसला आणि पित्ताचे इंजेक्शन देऊन त्याला घरी पाठविण्यात आले. पहिला आलेख निर्दोष असणे हे पहिल्या तासात असंभाव्य मुळीच नाही. दुखणे चालू असेल तर पंधरा ते तीस मिनिटांनी तो पुन्हा काढावा लागतो, आणि रक्तातील ट्रोपोनिन वाढलेले दिसण्यासही पुष्कळदा तीन ते सहा तास जातात. तेव्हा घामासह वीस मिनिटांहून अधिक टिकलेले दुखणे पित्ताच्या खाती टाकण्याचा अधिकार एका आलेखाने मिळत नाही. पहाटे पाच वाजता तो जिल्ह्याच्या रुग्णालयात पोहोचला, म्हणजे सहा तास गेले. यात त्याने जगावेगळे काही केले नाही. भारतातील वीस हजारांवर रुग्णांची 'क्रिएट' ही नोंदवही २००८ साली प्रसिद्ध झाली, तीत लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यम काळ ३६० मिनिटे, म्हणजे नेमके सहाच तास आहे. आणि रुग्णवाहिकेतून आलेले शेकडा पाच-सहाच. गुठळी विरघळविण्याचे औषध पहिल्या दोन-तीन तासांत जे वाचविते, त्याचा थोडाच अंश सहाव्या तासानंतर वाचतो. हा गृहस्थ जगला, परंतु हृदयाच्या पुढच्या भिंतीचा मोठा तुकडा कायमचा निकामी झाला. पुढे तो दोन जिने चढताना थांबतो.

नऊ घटकांचा हिशेब झाल्यावरही काही शिल्लक उरते, आणि ती लपविण्यात अर्थ नाही. त्या शिलकेतील ठळक बाब म्हणजे लायपोप्रोटीन-ए नावाचा कण. त्याची पातळी जवळजवळ सर्वस्वी आईबापांकडून येते, बालपणीच ठरते आणि पथ्याने वा व्यायामाने फारशी हलत नाही. ५० मिलिग्रॅमच्या वर ती असली तर दक्षिण आशियाई माणसाला हृदयाघाताची शक्यता साधारण दुप्पट होते, असे इंटरहार्टच्याच रक्तनमुन्यांवरून २०१९ साली आढळले. तेव्हा आनुवंशिकतेचा पक्ष अगदीच निराधार नाही. परंतु तिच्या नावाने जेवढा मोठा हिस्सा आजवर मागितला गेला, तेवढा तिचा निघत नाही. मानसिक ताणाविषयीही माझे मत काहीसे असेच आहे. तो खरा घटक आहे, मोजलाही गेला आहे. पण सर्वांना तो इतका आवडतो याचे कारण त्याच्यामुळे कोणालाच काही सोडावे लागत नाही, हे होय.

पुढील प्रकरणांतील सर्वांत लांब प्रकरण रुग्णाच्या भावाविषयी आहे, याचे वाचकास कदाचित नवल वाटेल. अतिदक्षता विभागाच्या बाहेर औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन धावणारा तो छत्तीस वर्षांचा गृहस्थ त्याच वडिलांचा मुलगा आहे, त्याच चुलीवर वाढला आहे आणि त्याच टपरीवरचा खर्रा त्याच्याही खिशात आहे. परंतु रुग्णालयाच्या केसपेपरावर त्याच्यासाठी रकाना नाही. त्याची कंबर फितीने मोजणे, दोन निरनिराळ्या दिवशी रक्तदाब घेणे, उपाशीपोटीची साखर, मेदाचा पूर्ण अहवाल आणि जन्मात एकदाच करावयाची लायपोप्रोटीन-एची तपासणी, एवढ्या कामाला एक सकाळ आणि नंतरचा एखादा फेरा पुरतो. ती सकाळ रुग्णाच्या डिस्चार्जच्या आधीच ठरवून घ्यावी, कारण एकदा घरी गेल्यावर हा भाऊ सहसा परत येत नाही.